एकतीस जूनचं घड्याळ

घड्याळ म्हणजे हुंडा नव्हे, असं आमच्याकडे सगळे म्हणत. हुंडाबंदीचा कायदा झालेला होता. कायद्याला भेट चालत होती. म्हणून आमच्या भागातले नवरदेव एकाएकी भेटींचे शौकीन झाले. सायकल भेट, रेडिओ भेट, घड्याळ भेट. मागणारं तोंड तेच, शब्द तेवढा धुऊन इस्त्री केलेला.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन म्हसळ्याच्या महिला मंडळात पत्रकं लिहायचं काम करत होते. 'ज्याला वेळ बघायची हौस आहे त्याने घड्याळ स्वतः घ्यावे, सासऱ्याच्या घामावर टिकटिक करू नये', असं एक पत्रक मी लिहिलं होतं. ते बाजारात वाटलं, एस.टी.च्या थांब्यावर चिकटवलं. त्याच वर्षी वैशाखात ताईचं लग्न ठरलं, आणि मुलाकडून निरोप आला: "आमचं काही मागणं न्हाय. मुलगा मास्तर हाय, तेवढं एक घड्याळ द्या. तारखेचं."

तारखेचं. म्हणजे तबकडीत एका कडेला बारीकशी खिडकी, आणि खिडकीत आजची तारीख. मास्तरांना रोज फळ्यावर तारीख लिहावी लागते हे कारण. भिंतीवरचं कॅलेंडर बघून लिहिता येत नाही का, हे मी घरात विचारलं. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आई म्हणाली, "तू तुझा कागद लिही. लग्न तिचं हाय."

घड्याळ मुंबईहून आणलं काकांनी, बाबांच्या धाकट्या भावानं. ते गिरणीत होते, तिथल्या एका सोबत्याच्या ओळखीनं त्यांना चांगलं परदेशी घड्याळ मिळालं. लग्नाच्या दुपारी मांडवातच, पंगती उठल्यावर, काकांनी ते भाऊजींच्या हातात दिलं आणि चार लोकांदेखत चालवून दाखवलं. बाजूच्या चावीला एकदा ओढलं की ती अर्धी बाहेर येते, आणि फिरवली की खिडकीतला आकडा सरकतो. आणखी ओढलं की पूर्ण बाहेर येते, आणि फिरवली की काटे फिरतात. काम झालं की चावी पुन्हा आत दाबायची. "आणि बरं का जावईबापू," काका म्हणाले, "याला सगळे महिने एकतीसचेच वाटतात. महिना तिसाचा असला की हे एकतीस दाखवणार. मग आपण एक घर पुढं ढकलायचं."

"म्हणजे घड्याळाला पण शिकवावं लागतं," भाऊजी म्हणाले. सगळे हसले. मास्तराला शोभणारं वाक्य होतं. तेव्हा दुपारचे दोन-अडीच झाले असतील. चावी लोण्यासारखी फिरली. कुठल्या वेळी ढकलायचं, हे काकांनी सांगितलं नाही. त्यांनाच माहीत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घड्याळाला खिडकी नव्हती.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात ताई एकटी घरी आली. आमची लावणी चालू होती. आई बांधावरूनच ओरडली, "बरी आलीस, हात कमी पडत होते." ताई पातळ खोचून चिखलात उतरली. गावाला वाटलं, पोर लावणीला आली. आम्हालाही संध्याकाळपर्यंत तसंच वाटलं. रात्री जेवणं झाल्यावर तिनं पिशवीतून धुवट फडक्याची एक पुरचुंडी काढली आणि बाबांपुढे ठेवली.

घड्याळ चालू होतं. काटे बरोबर होते. पण खिडकीत एकतीसचा खालचा अर्धा भाग आणि एकचा वरचा अर्धा भाग, मध्ये पांढरी रेघ. जूनला एकतीस तारीख नसते, आणि हे घड्याळ एकतीस जूनच्या उंबऱ्यावर अडकून बसलं होतं.

"आत्याबाई म्हणाल्या," ताई म्हणाली, म्हणजे तिची सासू, "तुझ्या बापानं भिकार माल आमच्या गळ्यात मारला. नीट करून आण, न्हायतर दुसरं आण. तवर तिकडंच ऱ्हा."

"आणि भाऊजी?" मी विचारलं.

"ते शाळेत गेले होते."

बाबांनी घड्याळ उचलून कानाला लावलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मी स्वतः मुंबईला जायला पायजे होतं. भावाला फसवलं कोणीतरी." त्यांनी ते परत फडक्यात बांधलं आणि तांदळाच्या कणगीवर ठेवलं, देवाच्या तसबिरीखाली. त्या दिवसापासून ते घरात खाली बघून चालायला लागले. माझा बाप शब्दाचा माणूस. दिलेली वस्तू खोटी निघाली, हे त्याला चोरी पकडल्यासारखं लागलं होतं.

भाद्रपदात गौरी यायच्या होत्या. आमच्या कोकणात नव्या सुनेचा पहिला ओवसा सासरच्या गौरीपुढे होतो. सुपं भरायची, ती गौरीपुढे ओवाळायची, मग घरातल्या थोरांना वाण द्यायचं. त्या दिवशी सून घरात नसली तर ती का नाही, हे वाडीतलं प्रत्येक माणूस विचारतं, आणि मग तिला परत न्यायचं म्हटलं तरी कोणाला तोंड राहत नाही. लावणीचं निमित्त श्रावणापर्यंत पुरेल. पुढे नाही. हे आईला ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, कोणी बोललं नाही इतकंच.

मी बोलले. शेणी रचताना ताईला गाठलं. "खरं सांग, झालं काय?"

तिनं सांगितलं. सासरी ओटीवर रेडिओ आहे. रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या लागतात. त्या कोणाला कळत नाहीत, पण त्याआधी पिप्-पिप् वाजतं, त्यावर घड्याळं लावायला वाडीतले पाच-सहा लोक जमतात. ज्यांच्याकडे घड्याळ नाही तेही जमतात. मास्तरांचं घड्याळ नवं, म्हणून पहिला मान त्यांचा. तीस जूनला पिप् वाजलं, भाऊजींनी काटा मिनिटभर सरकवून घेतला. मग म्हणाले, "आज तीस. आत्ताच एकतीस करून ठेवतो, म्हणजे मध्यरात्री आपोआप एक होईल. सकाळी लक्षात राहत नाही." लोकांनी मान डोलावली. हिशोब बरोबरच होता. चावी अर्धी ओढली आणि फिरवली, तर आकडा जाईना. त्यांनी जोर केला.

"मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात होते," ताई म्हणाली. "आवाज आला. भातात खडा लागतो ना दाताला, तसा. मग आकडा सुळ्ळकन पुढं गेला नि मध्येच थांबला."

"कोणी बघितलं?"

"सगळ्यांनी. मामंजी समोरच बसले होते."

"आणि कोणी बोललं नाही?"

"बातम्या लागल्या होत्या," ती म्हणाली, आणि हसली. ते हसणं मला अजून आठवतं. तिचं लहानपणचं हसू तोंडभर असायचं. हे अर्ध्यात थांबलं, त्या आकड्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन म्हसळ्याला गेले. बाजारात एक चाचा घड्याळं दुरुस्त करायचे. बोहऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर एवढीशी काचेची पेटी, आणि पेटीमागे चाचा. स्वभाव तिरसट. गिऱ्हाईकानं "लवकर" म्हटलं की काम आणखी दोन दिवस पुढे ढकलणार. माझ्या पत्रकांवर त्यांचा राग होता, कारण एक मी त्यांच्या पेटीला चिकटवलं होतं.

"आलीस? घड्याळ घेऊ नका म्हणून लिहितेस, आणि घड्याळ घेऊन येतेस?"

"माझं नाही. हिच्या नवऱ्याचं."

"सब का किसी और का होता है," चाचा म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावून मागचं झाकण उघडलं. काटे काढले, तबकडी उचलली. तबकडीखाली आकड्यांचं एक कडं होतं, एक ते एकतीस, आतल्या बाजूनं दाते असलेलं. ते बघून मी राग विसरले. एवढ्याशा जागेत अख्खा महिना गोल बसवला होता.

चाचांनी चिमट्याच्या टोकानं एक चाक दाखवलं. "हे बघ. तास-काटा दिवसात दोनदा फिरतो, हे एकदाच फिरतं. याला एक बोट होतं. संध्याकाळ उलटली की हे बोट हळूहळू कड्याच्या दातात शिरतं, आणि मध्यरात्रीच्या आसपास कडं एक घर ढकलतं. पहाटेपर्यंत बाहेर पडतं. बाकी दिवसभर मोकळं. मोकळं असताना चावीनं तारीख फिरव, बिनघोर. पण बोट दातात असताना तू कडं फिरवलंस, तर एक इकडं ढकलतं, एक तिकडं अडवतं. मोडणार कोण? बारीक असेल तो." त्यांनी चिमट्यानं एक कण उचलून कागदावर ठेवला. तिळाच्या सालाएवढा. "हे बोट. नशीब, चाकात अडकलं नाही, नाहीतर घड्याळच बंद. रात्री फिरवली ना कोणी?"

मी बोलले, "नऊ वाजता. रेडिओ लावून."

"व्वा. नऊ म्हणजे बोट आत शिरायची वेळ. आणि लोक ऐऱ्यागैऱ्या कुणालाही विचारतील, कारागिराला नाही." मग त्यांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा ताईकडे पाहिलं. "माल चांगला आहे हां. अस्सल. बापाला सांग."

एवढं ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळासाठी नाही, बाबांसाठी.

भाग मुंबईहून यायचा होता. चाचांचा मेहुणा लाँचनं जा-ये करायचा, पण पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून एस.टी.च्या कंडक्टरकडून निरोप गेला. दिवस जात राहिले. श्रावण लागला. शेजारच्या बायका आईला विचारायला लागल्या, "लावणी झाली की गं तुमची?" आई म्हणे, "बेणणी हाय ना." शेतातलं तण निघालं, बेणणीही झाली.

मी त्या दिवसांत एक पत्रक लिहिलं. नाव घातलं नव्हतं, पण वाडी, ओटी, रेडिओ, नऊची वेळ, सगळं होतं. 'ज्याने मोडले त्याने गप्प बसावे, आणि जिने पाहिले तिने माहेरी बसावे, हा कुठला न्याय?' असा शेवट. मला तो फार आवडला होता. ताईला वाचून दाखवला.

तिनं शांतपणे ऐकलं. "छान लिहितेस," म्हणाली. "हे निघालं तर मी कुठं जाऊ?"

"इथं राहा. मंडळात ये माझ्याबरोबर. शिवण शिकव."

"मला तिथं राहायचं हाय."

"त्या माणसाबरोबर? ज्याला चार लोकांत 'माझ्या हातून झालं' म्हणता येत नाही?"

"ते वाईट न्हाईत गं. मला शाळेतली पुस्तकं आणून देतात वाचायला. रात्री मी चूल आवरेपर्यंत जेवत न्हाईत." ती कागदाची घडी घालत होती. "मास्तर हायत ना. मास्तराचं चुकलेलं कोणाला चालत न्हाय. वाडीला न्हाय, त्यांच्या आईला न्हाय, त्यांना स्वतःला तर न्हायच."

पत्रक निघालं नाही. तिनं घडी घातलेला कागद चुलीत टाकला नाही की काही नाही, मला परत दिला. तेच मला जास्त लागलं.

भाग आला, चाचांनी बसवला, आणि घड्याळ देताना त्यांनी ताईला समोर बसवून शिकवलं. मला नाही, तिला. "आधी काटे बघ. दहा वाजलेत, म्हणजे सकाळचे की रात्रीचे, हे काट्यावरून कळत नाही. आपण जागे आहोत म्हणून आपल्याला कळतं. बंद पडलेलं घड्याळ असलं तर आधी चावी पूर्ण ओढ, काटे पुढंच फिरव, तारीख पालटेपर्यंत. पालटली म्हणजे मध्यरात्र झाली. तिथून आणखी पुढं, सहापर्यंत आण. ती सकाळ. आता चावी अर्धी आत घे, मग तारीख. कळलं? नेमानं चालू असेल तर एवढं नको. तिसाचा महिना संपला की एक तारखेला सकाळी न्याहारी कर, मग तारीख फिरव. जोर लागला की हात काढ."

ताईनं दोनदा करून दाखवलं. चाचा म्हणाले, "हात हलका आहे तुझा." मला म्हणाले, "तू हात लावू नकोस."

गौरीच्या आदल्या दिवशी बाबा, ताई आणि मी ताईच्या सासरी जायला श्रीवर्धनच्या एस.टी.त बसलो. बाबांनी घड्याळ सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि वाटभर त्यावर हात होता. मी मनात वाक्यं जुळवत होते. दाते, बोट, नऊची वेळ, कारागिराचं मत. एकेक मुद्दा, पत्रकासारखा. पुरावा आमच्या बाजूनं होता. मला फक्त ओटी पाहिजे होती आणि लोक पाहिजे होते.

दोन्ही मिळालं. सुपारीच्या वाडीतून आम्ही अंगणात शिरलो तेव्हा ओटीवर ताईचे सासरे, शेजारचे दोघं आणि भाऊजी बसले होते. रेडिओवर फडकं घातलेलं. सासू दारात आली. बाबांनी घड्याळ काढून पुढे केलं आणि हात जोडले. "आमच्याकडून चूक झाली," ते म्हणाले. "आता नीट करून आणलंय."

"आमच्याकडून नाही," मी म्हणाले. "कारागीर सांगतो, माल अस्सल आहे. रात्री नऊच्या सुमाराला..."

"मी फिरवली होती," ताई म्हणाली.

ताई पायरीवरच उभी होती, डोक्यावर पदर. "यांनी घड्याळ काढून ठेवलं होतं. मी बघायला घेतलं, चावी फिरवली. रात्रीची फिरवायची नसती, मला ठाऊक नव्हतं. भीतीनं बोलले न्हाय."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते रेडिओवरचं फडकं सरळ करत होते. शेजारच्या दोघांपैकी एकानं पान काढलं. त्यानं त्या रात्री मान डोलावली असणार. सासरे खाकरले आणि म्हणाले, "पोरसवदा हाय. व्हतं असं."

"बघ बाई," सासू म्हणाली, "तेव्हाच बोलली असतीस तर एवढं झालं असतं का? ये आत. हातपाय धू. उद्या सुपं भरायचीत." आवाज खरोखर मऊ झाला होता. तिला सून हवीच होती, तिला फक्त दोष ठेवायला जागा पाहिजे होती. ती मिळाली.

बाबा बसले, चहा प्याले. त्यांची मान आता वर होती. घड्याळ खोटं नव्हतं, भावाला कोणी फसवलं नव्हतं, हे आता चार लोकांदेखत ठरलं होतं. मुलीचा हात लागला, एवढंच. ते त्यांना परवडत होतं. मी बाहेर फणसाखाली जाऊन उभी राहिले. माझी सगळी वाक्यं तोंडात तशीच होती आणि त्यांना आता कडू चव आली होती.

दुसऱ्या दिवशी ओवसा झाला. मी पाहिला. ताई नव्या पातळात सुपं ओवाळत होती आणि सुरेख दिसत होती. भाऊजी खांबाला टेकून बघत होते, मनगटावर घड्याळ. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि आणखी काहीतरी होतं. ते बाहेर येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही.

याला आता काही वर्षं झाली. मी अजून पत्रकं लिहिते. घड्याळाविरुद्धही लिहिते. मध्ये एकदा नोव्हेंबरअखेर ताईकडे मुक्कामाला होते. रात्री ओटीवर नेहमीची मंडळी जमली, पिप्-पिप् वाजलं, काटे लागले. एका पाहुण्यानं भाऊजींना विचारलं, "मास्तर, उद्या एक ना? तारखेचं काय करता?"

सासूच आतून म्हणाली, "ते आमच्या सुनेला विचारा. पयल्याच महिन्यात मोडून ठेवलं होतं हिनं." सगळे हसले. ताईही हसली, पोळपाट पुसता पुसता. भाऊजी घड्याळाचा पट्टा एक भोक सैल करत होते.

त्या घरात दूध उतू गेलं की तिचं नाव निघतं. कोंबडी हरवली, रॉकेल सांडलं, रेडिओची बॅटरी उतरली, की आधी तिच्याकडे बघतात. रागानं नाही, लाडानंच. "आमच्या सुनेचा हात!" एकदा 'मी' म्हटलं की तो शब्द घरात राहायला येतो. चाचांनी ज्या हाताला हलका म्हटलं, त्याच हाताला तिथं मोडका म्हणतात.

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, सकाळी न्याहारी झाली. भाऊजी शाळेला निघाले, आणि निघण्याआधी चुलीपाशी येऊन काही न बोलता डावा हात तिच्यापुढे धरला. तिनं ओले हात पदराला पुसले, घड्याळ काढून घेतलं, काट्यांकडे पाहिलं, दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. चावी एकदा ओढली, हलकेच फिरवली. एकतीस गेला, एक आला, खिडकीच्या बरोबर मध्ये. चावी दाबली. घड्याळ परत मनगटावर बांधून दिलं.

"झाली?" ते म्हणाले.

"झाली."

ते क्षणभर तिथंच उभे राहिले. मला वाटलं, आज म्हणतील. मग ते चप्पल घालून गेले.

"बघितलंस?" मी म्हणाले. "एक शब्द नाही."

"हात तर पुढं करतात," ताई म्हणाली. "स्वतः कधी फिरवत न्हाईत. कधीच."

"आणि ते तुला पुरतं?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "तुझ्या पत्रकात लिही ना. रात्री तारीख फिरवू नये म्हणून. लोकांच्या उपयोगी पडेल."

थट्टेनंच म्हणाली ती. हसलीसुद्धा. ते हसू अर्ध्यावरच थांबलं.